रुळावरची ट्रॉली आणि पाच ओळींचा कालमन फिल्टर

तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा सरळ रूळ, त्यावर डीसी मोटरने चालणारी छोटी ट्रॉली आणि रुळाच्या एका टोकाला HC-SR04 हा अल्ट्रासॉनिक सेन्सर. ट्रॉली सेन्सरपासून साधारण 20 सेमी प्रति सेकंद वेगाने लांब जाते. ती या क्षणी नेमकी कुठे आहे, एवढंच मला हवं होतं. सेन्सर दर 0.1 सेकंदाला एक अंतर देतो, म्हणजे दोन रीडिंगच्या मध्ये ट्रॉली 2 सेमी सरकते.

डेटाशीटमध्ये या सेन्सरची अचूकता 3 मिमी लिहिलेली असते. ती सपाट, समोरासमोरच्या पृष्ठभागासाठी. माझ्या ट्रॉलीवर जाळीचा क्रेट होता, तो चालताना डुलतो आणि प्रतिध्वनी कधी पुढच्या पट्टीवरून येतो, कधी मागच्या. त्यामुळे रीडिंग चांगलीच इकडेतिकडे होत होती. पहिला उपाय कुणालाही सुचेल तोच: शेवटच्या दहा रीडिंगची सरासरी. आकडे शांत झाले, पण त्या दहा रीडिंगचं सरासरी वय 0.45 सेकंद, आणि तेवढ्या वेळात ट्रॉली 9 सेमी पुढे गेलेली असते. म्हणजे ट्रॉली आता कुठे आहे हे विचारावं आणि मघाशी कुठे होती हे कळावं. सरासरीला ट्रॉली चालते आहे हे माहीतच नसतं. मला माहीत होतं, आणि ती माहिती वापरायची रीत म्हणजे कालमन फिल्टर.

रुडॉल्फ कालमन यांचा मूळ शोधनिबंध 1960 चा. नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅन्ली श्मिट यांनी तो अपोलोच्या मार्गनिर्धारणासाठी उचलून धरला. त्या यानातल्या संगणकाची बदलती स्मृती होती 2048 शब्दांची. जुनी मोजमापं साठवायला तिथे जागा कुठली? या फिल्टरला ती लागतच नाहीत. आतापर्यंतच्या सगळ्या रीडिंगचं सार दोन आकड्यांत मावतं: स्थितीचा अंदाज x आणि त्या अंदाजातली अनिश्चितता P. नवीन रीडिंग आलं की हे दोन आकडे बदलायचे आणि रीडिंग टाकून द्यायचं. माझ्या अर्डुइनो उनोची रॅम 2 केबी, तिलाही हे सहज झेपलं.

सगळा फिल्टर एवढाच:

```c
x = x + v*dt;         // predict
P = P + Q;
K = P / (P + R);      // update
x = x + K*(z - x);
P = (1 - K)*P;
```

पहिल्या दोन ओळी म्हणजे अंदाज: वेगानुसार ट्रॉली पुढे सरकवायची आणि आपली अनिश्चितता Q ने वाढवायची, कारण मोटर सांगितल्या वेगाने तंतोतंत चालत नाही. पुढच्या तीन ओळी म्हणजे दुरुस्ती. z हे रीडिंग, आणि z - x ही तफावत. तफावतीचा किती भाग मान्य करायचा ते K, म्हणजे गेन, ठरवतो. एकाच जागेबद्दल दोन अंदाज आहेत: पहिला फिल्टरचा, त्याचा व्हेरियन्स, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, P आणि दुसरा सेन्सरचा, त्याचा व्हेरियन्स R. दुसऱ्याला w आणि पहिल्याला 1 - w वजन दिलं तर मिश्रणाचा व्हेरियन्स (1-w)²P + w²R होतो. तो कमीत कमी कुठे होतो ते काढलं की w = P/(P+R) मिळतं. K चं सूत्र तिथूनच येतं.

R मिळवणं सोपं. ट्रॉली एका जागी उभी करून, मोटर सुरू ठेवून पण चाकं उचललेली, म्हणजे क्रेट डुलत राहील अशी, शे-दोनशे रीडिंग घेतली. प्रमाण विचलन सुमारे 2 सेमी आलं, म्हणून R = 4. नुसती निश्चल ट्रॉली मोजली असती तर R कितीतरी लहान आला असता आणि फिल्टरने सेन्सरवर नको इतका भरवसा ठेवला असता. Q साठी असा विचार केला: वेगात साधारण 5 सेमी प्रति सेकंद इकडेतिकडे होऊ शकतं, 0.1 सेकंदात तो फरक 0.5 सेमी होतो, त्याचा वर्ग 0.25.

आता हाताने तीन पायऱ्या करून पाहू. मी कागदावर केल्या तेव्हाच हा फिल्टर मला खऱ्या अर्थाने कळला, म्हणून आकडे देतो. सुरुवातीला ट्रॉली 50 सेमीवर असावी असं धरलं, पण खात्री नव्हती म्हणून P = 100.

पहिली पायरी. अंदाज 52, P झाला 100.25. K = 100.25/104.25, म्हणजे 0.96. रीडिंग आलं 56. तफावत 4, त्यातले 3.85 स्वीकारले आणि x = 55.85. P एकदम 3.85 वर आला. फिल्टरला स्वतःबद्दल काहीच खात्री नव्हती, म्हणून त्याने जवळजवळ सगळं सेन्सरचं ऐकलं.

दुसरी पायरी. अंदाज 57.85, P = 4.10, K = 0.51. रीडिंग 59, तफावत 1.15, नवीन x = 58.43. आता दोघांचं वजन अर्धं अर्धं.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते. अंदाज 60.43, P = 2.27, K = 0.36. रीडिंग आलं 58.2. नुसत्या सेन्सरवर विसंबलं तर ट्रॉली 59 वरून मागे आली, आणि मागे येणं तर तिला शक्यच नाही. तफावत -2.23, तिचे 36 टक्के घेतले आणि x = 59.62. ट्रॉली पुढेच गेली, फक्त अंदाजापेक्षा थोडी कमी.

असं चालू राहिलं की K हळूहळू 0.22 वर स्थिरावतो आणि P 0.88 वर, म्हणजे प्रमाण विचलन 2 सेमीवरून 0.94 सेमीवर येतं. यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे: K आणि P च्या हिशेबात z कुठेच नाही. रीडिंग काहीही येवोत, फिल्टर स्वतःला इतकाच अचूक समजणार. त्याचा हा समज Q आणि R खरे असतील तरच खरा.

हे तपासायला मी मुद्दाम उतरती बॅटरी लावली. ट्रॉली आता 17 सेमी प्रति सेकंदाने चालत होती, फिल्टर मात्र 20 च धरून होता. दर पायरीला 0.3 सेमीची चूक एकाच दिशेने. Q = 0.25 असताना फिल्टर सरासरी 1.06 सेमी पुढे राहतो, ते एक वेळ चालेल. मग Q कमी करून 0.01 केला. आलेख इतका गुळगुळीत दिसला की कुणीही खूश व्हावं. पण K उतरला 0.049 वर, आणि गणित सांगतं की आता चूक 5.85 सेमीवर जाऊन थांबते. त्याच वेळी P मधून निघणारं प्रमाण विचलन 0.44 सेमी! रुळावर चिकटवलेल्या मोजपट्टीशी ताडून पाहिलं तेव्हा ट्रॉली खरोखर तेवढी मागे होती. Q शून्य ठेवला तर K शून्याकडे जातो आणि चूक वाढतच राहते.

मोजपट्टी नसेल तेव्हा हे ओळखायचं कसं? तफावतींची चिन्हं बघायची. सगळं ठीक असेल तर z - x कधी धन, कधी ऋण येते आणि दुरुस्तीआधीचा P घेतला तर तिचा पसारा √(P+R) एवढा असतो, माझ्या बाबतीत सुमारे 2.3 सेमी. बॅटरी उतरल्यावर ऋण तफावतींची रांगच लागली. x चा आलेख सगळेच काढतात. मी तफावतीचा आलेख आधी काढतो, कारण बिघाड तिथे पहिल्यांदा दिसतो.

यावर Q वाढवणं ही मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे वेगही माहीत नाही असं कबूल करून त्यालाही फिल्टरमध्ये घेणं. आता x च्या जागी स्थिती आणि वेग अशी जोडी, आणि P च्या जागी 2×2 ची मॅट्रिक्स. सेन्सर वेग मोजत नाही, तरी वेग दुरुस्त होतो, आणि ते कसं होतं हे एका पायरीत दिसतं. पहिल्या रीडिंगवरून स्थिती घेतली, तिचा व्हेरियन्स 4. वेग 20 धरला, प्रमाण विचलन 10, म्हणजे व्हेरियन्स 100. 0.1 सेकंद पुढे गेल्यावर स्थितीचा व्हेरियन्स 4 + 0.01×100 = 5 होतो, आणि दोघांमधला सहव्हेरियन्स 0.1×100 = 10. हा 10 म्हणजेच सगळी किमया: वेग माझ्या समजापेक्षा जास्त असेल तर ट्रॉलीही अंदाजापेक्षा पुढे असणार, हे नातं त्यात नोंदलेलं आहे. दुरुस्तीत स्थितीचा गेन 5/9 आणि वेगाचा 10/9. तफावत -1.8 सेमी आली तर स्थिती 1 सेमीने मागे येते आणि वेग 20 वरून 18 होतो. थोड्याच वेळात माझ्या ट्रॉलीचा वेग 17 च्या आसपास खेळू लागला आणि तफावतींची चिन्हं पुन्हा मिसळली.

प्रतिध्वनी कधी हरवतो, कधी भिंतीवरून येतो आणि 75 च्या जागी 180 सेमी दाखवतो. म्हणून तफावत √(P+R) च्या तिपटीपेक्षा मोठी असेल तर ते रीडिंग सोडून देतो आणि फक्त अंदाजाच्या दोन ओळी चालवतो. P आपोआप वाढत जातो. साध्या फिल्टरमध्ये लागोपाठ पाच रीडिंग गेली तर पुढच्याच्या वेळी K 0.22 च्या ऐवजी 0.37 असतो, म्हणजे फिल्टर सेन्सरकडे जास्त लक्ष देऊन परत जागेवर येतो.

एका गोष्टीपुढे मात्र हा फिल्टर हतबल आहे. सेन्सर अंतर काढतो ते ध्वनीच्या वेगावरून, आणि तो 20 अंशांना सुमारे 343 मीटर प्रति सेकंद, तर 35 अंशांना सुमारे 352 असतो. कोडमध्ये 343 लिहून मे महिन्याच्या दुपारी चालवलं की 2 मीटरवर जवळजवळ 5 सेमी कमी दिसतात. ही चूक कधी पुढे, कधी मागे अशी नसते, कायम एकाच बाजूला असते. वेग फिल्टरमध्ये असेल तर तो ती वेगात जिरवून टाकतो, तफावती अगदी निर्मळ दिसतात आणि P ही लहानच राहतो. त्यासाठी रुळालगत DS18B20 तापमापक लावला आणि रीडिंग फिल्टरमध्ये जाण्याआधीच 331.3 + 0.606×T या वेगाने अंतर काढायला लागलो.