हात वस्तूवर, तोंडात सत्तावीस

आमच्या शाळेच्या वार्षिक मेळाव्यात दुसरीच्या वर्गाचं दुकान लागतं. स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख हे सगळं होतंच, त्याबद्दल वेगळं काय लिहायचं? पाहुण्यांनी यंदाही मुलं देवाघरची फुलं असतात असं सांगितलं, टाळ्या झाल्या. दुकान मात्र सकाळी नऊला उघडतं आणि तेव्हा मैदानात पालक मोजके असतात. अकराला नाच सुरू झाले की उभं राहायला जागा नसते. हे मी दरवर्षी बोलते, दरवर्षी सगळे मान डोलावतात.

दुकान म्हणजे सहा बाकं, प्रत्येक बाकामागे एक दुकानदार, पुढ्यात पुठ्ठ्याचा गल्ला. माल म्हणजे वह्या, पेन्सिली, खोडरबर, पट्ट्या, मुलांनीच केलेले पुस्तकखुणांचे कागद. नोटा आम्ही खेळातल्याच वापरतो, एका बाजूनेच छापलेल्या आणि आकाराने मुद्दाम वेगळ्या, म्हणजे कुणी चुकूनही खऱ्या समजू नये. नाणी मात्र खरी. पुठ्ठ्याची नाणी आधी वापरून पाहिली होती. ती एकमेकांना चिकटतात, एकाखाली एक दडतात, आणि बोटाखाली लहान-मोठं, जड-हलकं काही कळत नाही. हल्ली बहुतेक घरांत पैसे फोनवरच जातात. नाण्याचं वजन तळहाताला पहिल्यांदा दुकानातच कळलं अशी मुलं दर वर्गात निघतात.

दरवर्षी मला गलबलून येतं ते सुटे परत देताना. नाटुकली, भाषणं छानच असतात, पण सात वर्षांचं मूल समोरच्या मोठ्या माणसाच्या हातावर एकेक नाणं ठेवत मोठ्याने मोजतं, त्याची सर कशाला नाही.

आम्ही त्यांना वजाबाकी करून परत द्यायला शिकवतच नाही. सत्तावीसचा माल आणि पन्नासची नोट असेल, तर पन्नासातून सत्तावीस काढायला हातचा घ्यावा लागतो, आणि गिऱ्हाईक उभं असताना हातचा हमखास हरवतो. त्याऐवजी सत्तावीसपासून वर चढत जायचं. एकाचं नाणं ठेवून अठ्ठावीस, दुसरं ठेवून एकोणतीस, तिसरं ठेवून तीस. मग दहाची नोट, चाळीस. आणखी एक, पन्नास. किती परत दिले हे मुलाला मोजावंच लागत नाही, हातातून गेलेलेच तेवीस असतात. गिऱ्हाइकाची नोट तोवर गल्ल्यात टाकायची नाही, बाकावर वस्तूशेजारीच ठेवायची. नाहीतर ‘मी शंभरची दिली होती’ असा वाद उभा राहतो. तोही एकदा झालाय, आणि एका पालकांनीच घातला होता.

अडखळायची एक जागा आपल्या भाषेची. ‘अठ्ठावीस’नंतर मूल ‘नवावीस’ म्हणतं. त्याचं काय चुकलं? नियम तर त्यानेच पाळला. ‘एकोणतीस’मध्ये तीस आधीच ऐकू येतात, म्हणून काही मुलं तिथेच एकांची नाणी थांबवून दहाची नोट उचलतात. मेळाव्याआधीचा आठवडाभर आम्ही एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस एवढेच शब्द नाणी वाजवत घोकून घेतो.

पण मला आठवतो तो वेगळाच घोटाळा. चार-पाच वर्षांपूर्वीचा. कोपऱ्यातल्या बाकावर एक अगदी शांत मुलगा होता, बेरजेत वर्गात पुढे. गल्ल्यात सुरुवातीला शंभर ठेवले होते. विक्रीच्या यादीप्रमाणे संध्याकाळी तीनशे बारा हवे होते, निघाले तीनशे तीन. नऊ कमी. मुलगा रडवेला झाला. कुणी नाणी पळवली असतील, असं एका बाईंनी त्याच्यासमोरच म्हटलं. ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं.

यादी पुन्हा वाचली. त्याच्याकडे चौदा गिऱ्हाइकं आली होती. पाच जणांनी नेमके सुटे दिले होते. उरलेल्या नऊ जणांना परत द्यायचे होते. नऊ गिऱ्हाइकं आणि नऊच कमी! मी त्याच्यासमोर बसले, एक वही आणि एक खोडरबर मिळून सत्तावीसचा माल उचलला आणि पन्नासची नोट दिली. त्याने पहिलं नाणं ठेवलं आणि म्हणाला, ‘सत्तावीस.’ दुसऱ्याला अठ्ठावीस, तिसऱ्याला एकोणतीस, चौथ्याला तीस. मग चाळीस, पन्नास. बोलणं बिनचूक, शेवटी पन्नासच आले, आणि माझ्या हातावर चोवीस.

वस्तू मोजताना पहिल्या वस्तूला पहिला आकडा, हेच आपण त्याला बालवाडीपासून शिकवलं. इथे मात्र पहिल्या आकड्याला नाणं नाही. सत्तावीस मग कुठे आहेत? समोरच्या वही-खोडरबरात. तेच त्याला दाखवलं. आधी तळहात मालावर ठेव आणि ‘सत्तावीस’ म्हण. मग हात उचल, नाणं ठेव, अठ्ठावीस. दोनदा केलं. तिसऱ्यांदा हात मालावर टेकलेला असतानाच तो हसला, म्हणाला, ‘बाई, हे तर यांनी घेतलेच आहेत.’ तेव्हापासून आमच्या दुकानात प्रत्येक दुकानदार आधी मालावर हात ठेवतो. बघणाऱ्यांना वाटतं, हा कसला विधी!

खटकतं ते दुसरंच. त्या नऊ मोठ्या माणसांपैकी एकानेही हातावरचे पैसे मोजले नव्हते. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘राहू दे रे बाळा उरलेले’ म्हणणारे. मायेने म्हणतात, मान्य आहे, पण मूल दोन आठवडे ज्यासाठी तयारी करतं तेवढंच ते काढून घेतात. यंदा दाराशी पाटी लावली होती: ‘उरलेले पैसे मोजून घ्यावेत.’ तरी तिघांनी सोडलेच. काही हुशार काका वर सुटे दोन देऊन ‘आता पंचवीस दे’ म्हणतात. दुसरीच्या मुलाला ते झेपत नाही, ते चौथीच्या बाकावर करावं.

बाकं लावणारे आमचे शिपाईमामा, नोटा कापून देणाऱ्या ग्रंथालयाच्या ताई, आठवडाभर नाणी साठवून देणारे कार्यालयातले भाऊ, किमतीच्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सातवीच्या मुली, संध्याकाळी माझ्यासोबत सहाही गल्ले मोजणाऱ्या पहिलीच्या बाई, ऐनवेळी पुठ्ठ्याची खोकी आणणाऱ्या दोन आया (एकीचं नाव आभारात राहिलं, त्याची चुटपुट अजून आहे), सगळ्यांना इथे धरते. फळ्यावर आकडे मोठे काढणारे चित्रकलेचे सरही. ध्वनिक्षेपक यंदा बंद पडला, त्याबद्दल कुणाचं नाव घेत नाही.

तो शांत मुलगा आता वरच्या वर्गात आहे. यंदा स्वयंसेवक म्हणून त्याच कोपऱ्यातल्या बाकामागे उभा होता. पुढची छोटी मुलगी पहिलं नाणं उचलायला निघाली, तसा त्याने काही न बोलता तिचा हात धरून वहीवर ठेवला.