लसूणघासाच्या देठाने अंत पाहिला

गवत वाळवणं सोपं आहे. पोटरीतून बाहेर पडून निसवायला लागलं की कापा, पातळ पसरा, अधूनमधून उलटा, झालं. बी भरेपर्यंत थांबलात तर ढीग मोठा दिसतो, पण जनावर त्यातल्या काड्या बाजूला सारतं.

माझं डोकं फिरवलं ते लसूणघासाने. दहातल्या एखाद्या काडीवर जांभळं फूल दिसताच, दव उडाल्यावर कापला. दुपारपर्यंत पानं कुरकुरीत झाली आणि देठ मात्र हिरवागार, ओलाच! देठ वाळेपर्यंत उन्हात ठेवावं तर हात लावताच पानांचा चुरा होऊन मातीत जातो, आणि प्रथिनांचा मोठा वाटा तर त्या पानांतच. गोळा करावं तर गंजी तापते. चिडचिड होते हो अक्षरशः.

शेवटी जमलं ते असं. पानं नुसती मरगळलेली असतानाच चारा सैल ओळींत ओढून घेतला आणि पुढचं वाळणं ओळीतच होऊ दिलं. उलटायचा तो सकाळीच, दवाने पानं मऊ असताना. तीन बांबूंच्या तिवईवर टांगला तर आणखी बरं, खालून वारा लागतो. शक्य असेल तर देठ चेचून घ्या, पाणी लवकर निघतं.

वाळला का, हे हाताने कळतं, पण फसायला होतं. देठावर नख ओढलं आणि साल सुटून आली तर आत पाणी आहे. पिळल्यावर तटकन तुटायला हवा. माझा भरवसा मात्र मिठावर. कोरड्या बरणीत चाऱ्याचे बारीक तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवायचं. मिठाचे गोळे झाले तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे, थांबा. मीठ मोकळं राहिलं तर भरा. तुकडे देठाचेच घ्या, पानं तर कधीच वाळलेली असतात.

ताळा म्हणून 10 किलो ओला चारा जाळीच्या पिशवीत वेगळा वाळवला होता. त्यात 80 टक्के पाणी धरलं तर कोरडा भाग 2 किलो, म्हणजे 15 टक्के ओलीला वजन साधारण 2.35 किलो भरायला हवं. काटा 3 किलोवर अडलेला असताना सगळे म्हणत होते, "भरून टाक, ढग आलेत." मी भरला नाही, ताडपत्री टाकली आणि पाऊस गेल्यावर पुन्हा पसरला. याचा मला अजून अभिमान वाटतो.

हो, कापणीआधी आभाळ बघायचं, हे आधीच सांगायला हवं होतं.

गंजी जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर रचा आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब ठेवा. पहिले काही आठवडे मध्ये लोखंडी सळई खुपसून ठेवा आणि रोज काढून हात लावा. कोमट असेल तर लक्ष ठेवा. हाताला चटका बसला किंवा भाजक्या गुळासारखा वास आला, तर गंजी आतून पेटू शकते. पाणी जवळ ठेवूनच ती उकला, कारण आत हवा शिरताच भडका उडतो.