पिंगळा-नोंद: एयूसी ०.९८, तरीही रात्रीत सहाशे खोट्या हाका

मागच्या वेळी रेकॉर्डिंगमधली पिंगळा घुबडाची हाक ओळखणारं मॉडेल तयार झाल्याचं आनंदाने लिहिलं होतं. चाचणीच्या ४०० क्लिपांपैकी २०० पिंगळ्याच्या, २०० बिनपिंगळ्याच्या. थ्रेशोल्ड ०.५ ठेवल्यावर २०० पैकी १८८ हाका पकडल्या, म्हणजे सेन्सिटिव्हिटी ९४ टक्के. बाकीच्या २०० पैकी १९० बरोबर नाकारल्या, म्हणजे स्पेसिफिसिटी ९५ टक्के. फॉल्स पॉझिटिव्ह फक्त १०.

मग रेकॉर्डर रात्रभर परसात ठेवला आणि सकाळी साडेसहाशे नोंदी! ऐकत बसलो, तर बहुतेक टिटवी, नाहीतर शेजारच्या फाटकाची बिजागरी.

दोन दिवस मायक्रोफोनवर संशय घेतला. चूक हिशेबात होती. दहा तासांत तीन-तीन सेकंदांच्या १२,००० क्लिपा होतात आणि त्यांत पिंगळा जेमतेम ६० क्लिपांत असतो. उरलेल्या ११,९४० चे ५ टक्के म्हणजे ५९७ खोट्या नोंदी, खऱ्या ५६. शंभरात नऊच खऱ्या. एयूसी म्हणजे आरओसी वक्राखालचं क्षेत्रफळ, आणि त्या वक्राचे दोन्ही अक्ष, पकडलेल्या हाका नि खोट्या नोंदी, आपापल्या गटातलं प्रमाण दाखवतात. हाका किती दुर्मीळ आहेत हे त्या वक्रात येतच नाही. वरच्या डाव्या कोपऱ्याजवळचा बिंदू निवडायची सवय म्हणूनच इथे सोडली. तिथे दोन्ही चुकांना सारखं वजन मिळतं.

मला वक्राची अगदी डावी कड हवी होती, जिथे खोट्या नोंदी सगळ्यात कमी, पण २०० नकारी क्लिपांत एक चूक म्हणजेच अर्धा टक्का. त्याहून बारीक काही दिसणारच नाही. म्हणून दुसऱ्या रात्रीच्या २,००० नकारी क्लिपा कानाने तपासल्या. नुसतं ऐकायलाच शंभर मिनिटं गेली, पण वक्राची ती कड पहिल्यांदा नीट दिसली.

```python
tn, fp, fn, tp = confusion_matrix(
    y, (p >= 0.92).astype(int)).ravel()
```

०.९२ वर २,००० पैकी ६ खोट्या, म्हणजे रात्रीला साधारण ३६. सेन्सिटिव्हिटी ८० वर उतरली, तरी ६० पैकी ४८ हाका मिळतात. आता निम्म्याहून जास्त नोंदी खऱ्या! शिवाय मला हवंय ते ‘आज पिंगळा बोलला का’ एवढंच. तो पुन्हापुन्हा ओरडतो, त्यामुळे सुटलेल्या बारा हाकांचं दुःख नाही. (क्लिपा ऐकायला साधे वायरवाले हेडफोनच घ्या. माझ्या ब्लूटूथवाल्यांत लहान क्लिपेची सुरुवात कापली जायची.)

पुढचा बेत होता, मिनिटात दोन क्लिपा ०.९२ च्या वर गेल्या तरच नोंद धरायची. पण हे लिहिताना त्या सहा क्लिपा पुन्हा ऐकल्या. चार टिटवीच्या निघाल्या आणि टिटवीही एकदा ओरडून थांबत नाही. या नियमाने फाटक गळेल, टिटवी नाही. तेव्हा आधी टिटवीच्या क्लिपा नकारी म्हणून शिकवणीत घालतो. त्यानंतर ०.९२ हा आकडा जुना होईल. थ्रेशोल्ड तिसऱ्याच रात्रीच्या क्लिपांवर नव्याने ठरवावा लागेल. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय.