गोळी आणि वाटप

“रोज कोलेस्टेरॉलची गोळी घेतोस ना, मग नारळाशी कसलं वैर? त्यात कोलेस्टेरॉल नसतंच!” असे मला नेहमी ऐकवले जाते.

नारळात कोलेस्टेरॉल नसते, हे खरेच आहे. माझी अडचण त्यातल्या संपृक्त चरबीची आहे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, रक्तातून उचलणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, यकृताच्या पेशींवर असतात. वडिलांकडून आलेल्या एका सदोष जनुकामुळे माझ्याकडे ते जन्मापासून जेमतेम निम्मेच काम करतात. स्टॅटिन, म्हणजे माझी रोजची गोळी, उरलेल्या चांगल्या जनुकाकडून जास्त ग्राहक बनवून घेते आणि संपृक्त चरबी नेमके तेच ग्राहक कमी करते. म्हणजे सकाळी गोळीने मिळवायचे आणि दुपारी नारळाच्या वाटपात घालवायचे, असा तो व्यवहार होता.

आईने आठवडाभर खोवलेला नारळ तराजूवर तोलला, तेव्हा माझ्या वाट्याला रोज सुमारे 60 ग्रॅम येत होता. त्यात साधारण 18 ग्रॅम संपृक्त चरबी होती, आणि मला दिवसभरात सगळी मिळून 15 ग्रॅमची मर्यादा सांगितली होती. मासे मात्र सुटले नाहीत. बांगड्याचे तिखले मुळातच बिननारळाचे, तिरफळ आणि कोकमावर उभे राहणारे. सोलकढीच्या जागी बिननारळाची फुटी कढी आली. आमटीत वाटप घालण्याआधी माझी वाटी बाजूला निघते (आजीला हे अजून अपशकुनासारखे वाटते). रात्री इसबगोल घेतो, पण गोळीपासून दोन तास दूर.

गेल्या वर्षी जानेवारीत, वयाच्या 26 व्या वर्षी, औषधाविना एकूण कोलेस्टेरॉल 322, चांगले कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल 44 आणि रक्तातली दुसरी चरबी, ट्रायग्लिसराइड 150 होते. 322 मधून 44 आणि 150 चा पाचवा हिस्सा, म्हणजे 30, वजा केल्यावर एलडीएल 248 येते. रोसुव्हास्टॅटिन 20 मिलिग्रॅमवर आठ आठवड्यांनी ते 128 झाले. गोळी तीच ठेवून आहार बदलला, तेव्हा जूनमध्ये 113 आले. पथ्याचा वाटा एवढाच, 15 अंकांचा. पण स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम सहा टक्क्यांनी आणखी उतरते, हे लक्षात घेतले तर तो लहान वाटत नाही.

ऑगस्टमध्ये 91 आल्यावर घरात लगेच मोदक उकडले. वहीत तारखेपुढे “ताप, दहा दिवसांपूर्वी उतरला” अशी नोंद होती. ती वाचून डॉक्टरांनी तो आकडा बाजूला ठेवला, कारण मोठ्या तापानंतर एलडीएल काही आठवडे खोटे कमी दिसते. ऑक्टोबरमध्ये, त्याच प्रयोगशाळेत, 115 आले. पथ्य चोख असूनही ठरलेल्या 100 च्या खाली जाता येत नव्हते, म्हणून एझेटिमाइब हे दुसरे औषध 10 मिलिग्रॅम जोडले आणि जानेवारीत 92 झाले.

चुकलेल्या गोळ्याही मी वहीत लिहितो. उद्या आकडा एकदम 200 वर गेला, तर दोष लग्नातल्या दोन करंज्यांचा नसेल. आधी गोळ्यांची पाने मोजावी लागतील.