पेशीविभाजनाचं पान: माझ्या मराठी-इंग्रजी शब्दसूचीचा अनुभव

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले आणि कॉलेजात आल्यावर जीवशास्त्र एकदम इंग्रजीत सुरू झालं. तंतुकणिका, लयकारिका, आंतर्द्रव्यजालिका हे सगळं मला नीट येत होतं. वर्गात मात्र तेच मायटोकॉन्ड्रिया, लायसोसोम, एंडोप्लाज्मिक रेटिक्युलम या नावांनी कानावर पडायचं. म्हणून एक वेगळी वही केली आणि शब्दसूची लिहायला घेतली.

पेशीअंगकांचं पान सोपं गेलं. तिथे एका मराठी शब्दाला एक इंग्रजी शब्द असा जोड सरळ लागतो. भर घालावी लागली ती फक्त अनेकवचनाची. तंतुकणिका एक असली काय किंवा पुष्कळ असल्या काय, शब्द तोच राहतो. इंग्रजीत एक असेल तर मायटोकॉन्ड्रिऑन आणि अनेक असतील तर मायटोकॉन्ड्रिया. न्यूक्लिअसचं न्यूक्लिआय होतं. ही रूपं शेजारी लिहून ठेवल्यामुळे उत्तरातलं क्रियापद चुकत नाही.

खरी मेहनत लागली ती पेशीविभाजनाच्या पानाला. क्रोमॅटिन, क्रोमॅटिड, क्रोमोसोम, सेंट्रोमिअर, सेंट्रोसोम, सेंट्रिओल: सहा शब्द, आणि सरांनी भरभर उच्चारले की सगळे एकसारखेच वाटतात. नुसते मराठी अर्थ लिहून हे सुटत नाही. म्हणून या पानावर मी तिसरा रकाना आखला, 'आकृतीत कुठे बोट ठेवायचं?'

क्रोमॅटिन म्हणजे विभाजन सुरू नसताना केंद्रकात पसरलेलं डीएनए आणि प्रथिनांचं धाग्यांसारखं द्रव्य. तेच आखडून जाड झालं की वेगवेगळी गुणसूत्रं, म्हणजे क्रोमोसोम, दिसू लागतात. क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे देह. हा भाग रंग चांगला धरतो म्हणून हे नाव. काही मराठी पुस्तकांत रंगसूत्र असा शब्द आहे तोही यावरूनच, म्हणून दोन्ही शब्द एकाच ओळीत लिहिले. डीएनएची प्रत तयार झाल्यावर गुणसूत्राच्या ज्या दोन जुळ्या पट्ट्या दिसतात, त्यातली प्रत्येक क्रोमॅटिड. त्या जिथे जोडलेल्या असतात तो गुणसूत्रबिंदू, म्हणजे सेंट्रोमिअर.

सेंट्रोसोम आणि सेंट्रिओल मात्र गुणसूत्रावर नसतातच. ते केंद्रकाबाहेर, पेशीद्रव्यात असतात. प्राण्यांच्या पेशीत सेंट्रोसोममध्ये सेंट्रिओलची जोडी असते आणि तिथून तुर्कतंतू निघतात.

हा फरक पक्का झाला तो कांद्याच्या मुळाच्या प्रात्यक्षिकात. मुळाचं टोक आम्लात मऊ करायचं, अॅसिटोकार्मिनने रंगवायचं, काचपट्टीवर ठेवून वरच्या काचेवर अंगठ्याने दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. कांद्याच्या पेशीत सेंट्रिओल नसतात, तरी तुर्कतंतू तयार होतात आणि गुणसूत्रं दोन टोकांना जातात. सेंट्रोमिअर मात्र प्रत्येक गुणसूत्राला असतोच, कारण तुर्कतंतू तिथेच धरतात. वहीत सेंट्रिओलपुढे 'कांद्यात नाही' आणि सेंट्रोमिअरपुढे 'कांद्यात आहे' एवढं लिहिलं, आणि ती दोन नावं पुन्हा एकमेकांत मिसळली नाहीत.

मग त्याच कांद्यावर मोजणी केली, कारण परीक्षेत क्रोमोसोम किती आणि क्रोमॅटिड किती हे हमखास विचारतात. कांद्याच्या मुळाच्या पेशीत 16 गुणसूत्रं असतात. मध्यावस्थेत, म्हणजे मेटाफेजमध्ये, ती मधल्या प्रतलावर येतात. प्रत्येकाला दोन क्रोमॅटिड असल्यामुळे क्रोमॅटिड 32 होतात, गुणसूत्रं मात्र 16च. पश्चावस्थेत, म्हणजे अॅनाफेजमध्ये, सेंट्रोमिअर दुभंगतो. वेगळी झालेली प्रत्येक क्रोमॅटिड आता स्वतंत्र गुणसूत्र मानली जाते, म्हणून त्या क्षणी पेशीत 32 गुणसूत्रं असतात. शेवटी प्रत्येक नव्या केंद्रकात 16 येतात. मी ठळक लिहून ठेवलेला नियम एकच: सेंट्रोमिअर मोजा, तेवढी गुणसूत्रं.

मायटॉसिस आणि मायोसिस या जोडीला माझी मराठीच कामी आली. सूत्री विभाजन आणि अर्धगुणसूत्री विभाजन यांत कानाला गोंधळ होऊच शकत नाही, आणि 'अर्ध' हा शब्दच संख्या निम्मी होते हे सांगतो. मात्र मोजणीचा नियम तिथेही लावून पाहावा लागतो. मायोसिसच्या पहिल्या अॅनाफेजमध्ये सेंट्रोमिअर दुभंगत नाही. जोडीतली अख्खी गुणसूत्रं एकमेकांपासून दूर जातात. कांद्यात एका टोकाला 8 आणि दुसऱ्या टोकाला 8, आणि प्रत्येकाला अजून दोन क्रोमॅटिड आहेतच. त्या दुसऱ्या अॅनाफेजमध्ये सुटतात. म्हणून वहीत अॅनाफेज हा शब्द तीन ओळींत आहे, आणि प्रत्येक ओळीपुढे सेंट्रोमिअर दुभंगतो की नाही ते लिहिलेलं आहे.