सकाळच्या बॅचमधला सतरा नंबर

आमच्या क्लासमध्ये अकरावी-बारावी विज्ञानाची वार्षिक फी ४८,००० रुपये असून ती १२,००० रुपयांच्या चार हप्त्यांत घेतली जाते. दुसऱ्या हप्त्याची मुदत ५ सप्टेंबरला संपली आणि महिनाअखेरीस थकबाकीदार पालकांना मी आठवणीचे मेसेज पाठवले. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या बॅचमधल्या एका विद्यार्थिनीची आई कार्यालयात आली. "सर, ३ तारखेलाच पैसे भरलेत. मुलगी एक दिवस घरी राहिलेली नाही. मग हा मेसेज कसा आला?" असे म्हणून त्यांनी मोबाईलवरची यूपीआयची पावती दाखवली.

पावतीवरचा बारा अंकी व्यवहार क्रमांक बँकेच्या उताऱ्यात लगेच सापडला, म्हणजे रक्कम आली होती. ती कोणाच्या नावावर जमा झाली एवढाच प्रश्न उरला. वडिलांनी पैसे पाठवताना शेऱ्यात 'सकाळ १७' असे लिहिले होते. ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत त्यांची मुलगी सकाळच्या बॅचमध्येच होती आणि तिचा हजेरी क्रमांक १७ होता. कॉलेजची वेळ बदलल्यामुळे ती संध्याकाळी येऊ लागली, तेव्हा तिला तिथला ३१ क्रमांक मिळाला आणि सकाळचा रिकामा झालेला १७ नव्याने आलेल्या एका मुलाला दिला गेला. फीची वही हजेरी क्रमांकावरच चालत असल्यामुळे तिचे १२,००० रुपये त्या मुलाच्या खात्यावर चढले होते.

मला खरा धक्का बसला तो त्या मुलाचा हजेरीपट उघडल्यावर. ११ सप्टेंबरपासून तो एकदाही आलेला नव्हता. सलग गैरहजर मुलांच्या घरी फोन करायचा, असा नियम आमच्याकडे नव्हता. फोन होत तो थकबाकीच्या यादीवरून, आणि त्याचे खाते तर पूर्ण भरलेले दिसत होते. मी त्याच्या वडिलांना फोन केला तेव्हा कळले, की मुलाला डेंग्यू झाला होता, तो रुग्णालयातून नुकताच घरी आला होता आणि दुसरा हप्ता त्यांनी भरलेलाच नव्हता. म्हणजे एका चुकीच्या नोंदीमुळे पैसे भरलेल्या घरी तगादा गेला होता आणि ज्या घरी विचारपूस व्हायला हवी होती, तिथे कोणीच फोन केला नव्हता.

दुरुस्ती करताना जुनी नोंद खोडली नाही. मुलाच्या खात्यावर उलट नोंद करून रक्कम काढली, मुलीच्या खात्यावर त्याच व्यवहार क्रमांकाने जमा केली, तिच्या आईला नवी पावती दिली आणि आदल्या दिवशीचा मेसेज रद्द समजावा असे लेखी कळवले. मुलाची थकबाकी खरी होती, पण त्याच्या हप्त्याची मुदत आमच्या संचालकांनी ऑक्टोबरअखेरपर्यंत वाढवली.

त्यानंतर फी आणि हजेरी या दोन्ही तक्त्यांना मी प्रवेश क्रमांक हीच एक किल्ली ठेवली. हा क्रमांक प्रवेशाच्या दिवशी मिळतो, बॅच बदलली तरी बदलत नाही आणि विद्यार्थी सोडून गेला तरी दुसऱ्याला दिला जात नाही. बॅच आणि हजेरी क्रमांक आता 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशा वेगळ्या ओळींत असतात, त्यामुळे मुलीची सकाळची आणि संध्याकाळची हजेरी एकत्र मोजली जाते. थकबाकीचे सूत्र असे आहे. प्रत्येक तक्त्याच्या पहिल्या स्तंभात प्रवेश क्रमांक असून हप्त्यांच्या तक्त्यातला दुसरा स्तंभ मुदतीच्या तारखेचा आहे:

```
=SUMIFS('हप्ते'!C:C,'हप्ते'!A:A,A2,'हप्ते'!B:B,"<="&TODAY())-SUMIFS('जमा'!C:C,'जमा'!A:A,A2)
```

हजेरीची टक्केवारी काढताना बॅच सुरू झाल्यापासूनचे नव्हे, तर त्या विद्यार्थ्याच्या प्रवेशापासून प्रत्यक्ष भरलेले तास धरतो. तसे केले नाही, तर उशिरा आलेला नियमित मुलगाही गैरहजर दिसतो.

दोन्ही आकडे शेजारी आले, की विसंगत ओळी आधी तपासता येतात. फी भरलेली पण विद्यार्थी सलग सात तास गैरहजर, अशी ओळ दिसली तर नोंद चुकली असेल किंवा घरी काही अडचण असेल. दोन्ही शक्यतांसाठी वर्गशिक्षक फोन करतात. थकबाकी आणि सलग गैरहजेरी दोन्ही असतील, तर मेसेज रोखून आधी फोनच होतो. नियमित येणाऱ्याची थकबाकी दिसली, तर शेरा नसलेल्या जमा रकमा पाहून मगच मेसेज जातो. फीच्या मेसेजमध्ये हजेरीचा उल्लेख मात्र मी कधीच करत नाही, कारण पालक तो धमकी म्हणून वाचतात आणि त्याचा त्रास मुलाला होतो.

एकाच घरातल्या दोन भावंडांचे पैसे एका व्यवहारात आले, तर ही जोडणी उपयोगी पडत नाही. अशी रक्कम 'विभागणी बाकी' या खात्यावर ठेवतो आणि पालकांना विचारून वाटून होईपर्यंत दोघांपैकी कोणाच्याही नावाने मेसेज पाठवत नाही.