पूर्ण वर्गाची वही: 3x² − 5x + 4 नेहमी धन का?

गेल्या आठवड्यात मी 10x² − 50x + 61 मध्ये 0 ते 5 या संख्या घालून पाहिल्या. प्रत्येक वेळी उत्तर धन आलं; x = 2 आणि x = 3 ला तर बरोबर 1. ‘नेहमी धन’ असं वहीत लिहूनही टाकलं. मग x = 2.5 घातलं आणि −1.5 आलं! किमती घालून अंदाज बांधता येतो, सिद्धता होत नाही, हे तेव्हा पक्कं कळलं.

या आठवड्यात 3x² − 5x + 4 घेतलं. दहावीच्या पूर्ण वर्ग पद्धतीनेच सुरुवात केली. आधी 3 बाहेर काढले:

3(x² − (5/3)x) + 4

x च्या सहगुणकाच्या निम्मे 5/6, त्याचा वर्ग 25/36. तो कंसात मिळवला आणि बाहेर 4 मधून 25/36 वजा केले. उत्तर आलं 3(x − 5/6)² + 119/36. धन! मी खूश. पण हे चूक आहे. कंसात मिळवलेल्या 25/36 ला बाहेरचे 3 गुणतात, म्हणजे वजा करायला हवेत 25/12. बरोबर रूप असं:

3(x − 5/6)² + 23/12

ही चूक फसवी आहे, कारण इथे निष्कर्ष बदलला नाही. हीच चूक 3x² − 6x + 2 मध्ये केली तर 3(x − 1)² + 1 मिळतं आणि राशी नेहमी धन वाटते; प्रत्यक्षात x = 1 ला तिची किंमत −1 आहे. आता मी दर वेळी x = 0 घालून ताळा करते. माझ्या चुकीच्या रूपात 194/36 येतात, यायला हवेत 4.

आता सिद्धता. x कोणतीही वास्तव संख्या असो, (x − 5/6)² ऋण होऊ शकत नाही. 3 धन असल्याने पहिलं पद शून्य किंवा त्याहून मोठं. त्यात 23/12 मिळवले की बेरीज किमान 23/12, म्हणून शून्याहून मोठीच. ‘वर्ग धन असतो’ असं मात्र लिहू नका: x = 5/6 ला तो शून्य होतो. तिथे राशीला तारून नेतात ते 23/12.

अपूर्णांकांचा कंटाळा असेल तर भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ ग्रंथात श्रीधराचार्यांची म्हणून दिलेली युक्ती वापरा: x² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. इथे 12 ने:

36x² − 60x + 48 = (6x − 5)² + 23

12 धन आहे, त्यामुळे चिन्ह बदलत नाही. आणि विवेचक 25 − 48 = −23. तेच 23 इथे उघड दिसले, तेव्हा विवेचक ऋण का लागतो ते मला पहिल्यांदा नीट समजलं.

पुढची राशी x² + xy + y². (x + y/2)² + 3y²/4 इथपर्यंत पोचले आहे. ती शून्य फक्त x आणि y दोन्ही शून्य असतानाच होते, हे उद्या नीट लिहून काढते.